भिन्नच्छेद अपूर्णांकांची बेरीज: चाळीस मिनिटांच्या पाठाचे टाचण कसे काढावे

डी.एल.एड.च्या आंतरवासितेत असलेल्या किंवा नुकतेच शाळेवर रुजू झालेल्या शिक्षकांना उच्च प्राथमिकचा गणिताचा तास मिळाला की बहुतेकांच्या वाट्याला अपूर्णांक येतातच. टाचण वहीचा नमुना हातात असतो: घटक, उपघटक, उद्दिष्टे, पूर्वज्ञान, साहित्य, प्रस्तावना, हेतुकथन, आशय विकसन, मूल्यमापन, स्वाध्याय. रकाने भरताही येतात. अडचण येते ती वर्गात. पस्तिसाव्या मिनिटाला फळा भरलेला असतो, मुले 'हो सर' म्हणतात आणि दुसऱ्या दिवशी निम्मा वर्ग १/२ + १/३ = २/५ असे लिहितो.

हा लेख त्या एका तासापुरता आहे. इयत्ता सहावी, भिन्नच्छेद अपूर्णांकांच्या बेरजेचा पहिला पाठ, वेळ चाळीस मिनिटे. मी कोकणातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवतो, त्यामुळे उदाहरणे इथलीच येतील. टाचण लिहिण्याचा माझा क्रम छापील नमुन्याच्या उलट आहे. मी शेवटाकडून सुरुवात करतो. लिहून झाल्यावर मजकूर नमुन्याच्या रकान्यांत भरायला दहा मिनिटे पुरतात.

बसण्याआधी जवळ काय हवे

- सहावीचे गणिताचे पाठ्यपुस्तक आणि शक्य असल्यास पाचवीचेही
- इयत्तावार अध्ययन निष्पत्तींची यादी
- शाळेचे वेळापत्रक (तास खरोखर चाळीस मिनिटांचा आहे की पस्तीस, हे आधी पाहा)
- टाचण वही
- ए-४ आकाराचे जाड कागद किंवा कार्डशीट, मोजपट्टी, कात्री, दोन रंगांचे स्केचपेन
- मुलांच्या संख्येइतक्या कोऱ्या चिठ्ठ्या (वहीच्या पानाचा चतकोर पुरे)

१. तासाचा आवाका आधी छाटा

'अपूर्णांकांची बेरीज व वजाबाकी' हा उपघटक चाळीस मिनिटांत मावत नाही. आपल्या तासात एवढेच घ्यायचे: दोन भिन्नच्छेद अपूर्णांक, दोन्ही एकापेक्षा लहान, आणि बेरीजही एकापेक्षा लहान. पूर्णांकयुक्त अपूर्णांक नको, वजाबाकी नको, उत्तराला अतिसंक्षिप्त रूप देणेही नको. शेवटची गोष्ट सोडायला नव्या शिक्षकाला जड जाते. पण बेरीज करून लगेच उत्तर संक्षिप्त करायला लावले तर मूल दोन नव्या क्रियांत अडकते, आणि चूक नेमकी कुठे झाली हे तुम्हालाही कळत नाही. म्हणून उदाहरणेच अशी निवडा की साधा सामाईक छेद घेतला तर उत्तर आपोआप संक्षिप्त येईल.

पाठ्यपुस्तकात ल.सा.वि.चा धडा अपूर्णांकांच्या आधी येतो की नंतर, तेही पाहून ठेवा. नंतर येत असेल तर या तासात 'ल.सा.वि. काढा' म्हणण्यात अर्थ नाही. दोन्ही छेदांच्या पाढ्यांत येणारी संख्या शोधली तरी काम भागते, आणि कोणी छेदांचा सरळ गुणाकार केला तरी ते बरोबरच आहे.

पूर्वज्ञान दोनच गोष्टींचे लागते: समच्छेद अपूर्णांकांची बेरीज आणि सममूल्य अपूर्णांक. यातली दुसरी कच्ची असेल तर हा पाठ उभाच राहत नाही. आदल्या दिवशी जाता जाता फळ्यावर 'एक तृतीयांश म्हणजे किती षष्ठांश?' एवढे विचारून पाहा. वर्ग गप्प बसला तर उद्याचा तास सममूल्य अपूर्णांकांचा घ्या आणि हे टाचण एक दिवस पुढे ढकला.

२. शेवटची चिठ्ठी सर्वांत आधी लिहा

तासाच्या शेवटी प्रत्येक मुलाने एकट्याने सोडवायची चिठ्ठी हाच या पाठाचा कणा आहे. टाचण लिहायला बसलात की पहिल्यांदा ती लिहा. वेळ पाच मिनिटे, म्हणून प्रश्न दोनच.

पहिला प्रश्न: १/३ + १/४ = किती? करून दाखवा.

या संख्या सहज सुचल्या म्हणून घेतलेल्या नाहीत. सहावीतली मुले या बेरजेत ठरावीक तऱ्हेनेच चुकतात, आणि या जोडीत प्रत्येक चुकीचे उत्तर वेगळे येते. पाहा:

- ७/१२ लिहिले: बरोबर.
- २/७ लिहिले: अंशात अंश, छेदात छेद मिळवला.
- २/१२ लिहिले: सामाईक छेद शोधला, पण अंश बदलायचे राहिले. १ आणि १ तसेच ठेवून मिळवले.
- ७/२४ लिहिले: रूपांतर बरोबर केले, पण ४/१२ + ३/१२ करताना छेदही मिळवले.
- १/१२ लिहिले: बेरजेऐवजी गुणाकार केला.

म्हणजे केवळ उत्तर पाहून मूल कुठे अडले ते कळते. आता यांच्या जागी १/२ + १/४ घेतले असते तर? मुले घरी अर्धा लिटर आणि पाव लिटर मिळून पाऊण लिटर होते, हे ऐकत मोठी होतात. ती ३/४ लिहून मोकळी होतील. उत्तर बरोबर येईल, पण रीत आली की नाही ते तुम्हाला कळणार नाही. ही जोडी तासाच्या सुरुवातीला फार कामाची आहे, शेवटी मात्र निरुपयोगी.

दुसरा प्रश्न: एका मुलाने १/२ + २/५ = ३/७ असे लिहिले. बेरीज न करता हे उत्तर चूक आहे, हे कसे ओळखाल? एका वाक्यात लिहा.

अपेक्षित उत्तर असे: ७ चे अर्धे साडेतीन, म्हणजे ३/७ हे अर्ध्यापेक्षा कमी आहे, अर्ध्यात आणखी काही मिळवल्यावर उत्तर अर्ध्यापेक्षा कमी कसे येईल? मुलाचे शब्द वेगळे असतील, चालेल. 'छेद मिळवायचे नसतात' एवढेच लिहिले तर ते नियम पाठ असल्याचे लक्षण आहे. ते चूक धरू नका, पण वेगळी खूण करून ठेवा. पहिला प्रश्न रीत तपासतो, दुसरा त्या रीतीमागची समज. दोन्ही लागतात, कारण पहिला बरोबर आणि दुसरा कोरा अशी मुले प्रत्येक वर्गात निघतात आणि महिन्याभराने तीच पुन्हा २/५ वर येतात.

३. उद्दिष्ट चिठ्ठीवरून उतरवा

चिठ्ठी तयार असली की उद्दिष्ट लिहिणे सोपे. 'विद्यार्थ्यांना अपूर्णांकांची बेरीज समजते' हे उद्दिष्ट टाचणात वारंवार दिसते, पण समजले की नाही ते पाहायचे कसे, हे त्यात नाही. त्याऐवजी मूल काय करून दाखवील ते लिहा:

१. छेद १२ पर्यंतचे दोन भिन्नच्छेद अपूर्णांक दिले असता विद्यार्थी त्यांचे समच्छेद रूपांतर करून बेरीज लिहितो.
२. बेरीज दिलेल्या प्रत्येक अपूर्णांकापेक्षा मोठी हवी, या कसोटीवर विद्यार्थी दिलेले चुकीचे उत्तर ओळखतो व कारण सांगतो.

पहिले उद्दिष्ट पहिल्या प्रश्नाचे, दुसरे दुसऱ्याचे. ज्याला चिठ्ठीत प्रश्न नाही ते उद्दिष्ट टाचणातून काढून टाका. अध्ययन निष्पत्तींच्या रकान्यात यादीतली अपूर्णांकांच्या बेरीज-वजाबाकीवरील दैनंदिन उदाहरणांची निष्पत्ती तिच्या क्रमांकासह जशीच्या तशी उतरवा. ती पूर्ण घटकाची असते, एका तासाची नसते. त्यामुळे ती उद्दिष्टाच्या जागी लिहून भागत नाही.

४. कथेतले उदाहरण: इथे सर्वांत मोठा सापळा आहे

अपूर्णांक म्हटले की भाकरी किंवा आंबे डोळ्यांपुढे येतात. दोन्ही या पाठात घात करतात, आंबे तर जास्तच.

समजा तुम्ही म्हणालात, 'एका पाटीत दोन आंबे, त्यातला एक पिकलेला, म्हणजे १/२. दुसऱ्या पाटीत तीन आंबे, त्यातला एक पिकलेला, म्हणजे १/३. दोन्ही पाट्या एकत्र केल्या.' आता वर्गातले एखादे चलाख मूल म्हणेल, 'पाच आंबे, त्यातले दोन पिकलेले, म्हणजे २/५!' आणि ते आंबे मोजून तसेच दाखवील. त्याचे मोजणे बरोबर आहे. चूक आहे ती आपल्या उदाहरणात. तिथे १/२ हा दोन आंब्यांचा आहे, १/३ हा तीन आंब्यांचा आणि २/५ हा पाच आंब्यांचा. पूर्ण म्हणून धरलेली वस्तू तीनदा बदलली. बेरजेसाठी दोन्ही अपूर्णांक एकाच पूर्णाचे असावे लागतात. मोजता येणाऱ्या वस्तूंच्या समूहात ही गोष्ट निसटते, आणि जी चूक काढायला आपण उभे आहोत तिलाच आपण पुरावा देऊन बसतो.

भाकरीचे किंवा घावनाचे पूर्ण एकच राहते, हे खरे. पण गोलाचे तीन समान भाग हाताने होत नाहीत. मुले मधून दोन रेघा मारून तीन पट्टे करतात आणि मधला पट्टा मोठा होतो. तासाची दहा मिनिटे ते समान आहेत की नाहीत, या वादात जातात. नारळाचे भकल घेतले तरी एकाच्या मनात मोठा नारळ आणि दुसऱ्याच्या मनात लहान, असे होते.

म्हणून लांबीचे उदाहरण घ्या. इथल्या मुलांना गडगा, म्हणजे दगड रचून घातलेले कुंपण, रोज दिसतो, तोच घेऊ:

'बागेच्या एका बाजूला गडगा घालायचा आहे. पहिल्या दिवशी पूर्ण गडग्याचा १/२ भाग घालून झाला. दुसऱ्या दिवशी पूर्ण गडग्याचा १/३ भाग झाला. दोन दिवसांत किती गडगा झाला?'

'पूर्ण गडग्याचा' हे शब्द दोन्ही ठिकाणी मुद्दाम आहेत. दुसऱ्या ठिकाणी ते गाळले तर काही मुले 'उरलेल्याचा एक तृतीयांश' असे समजतात, आणि मग उत्तर २/३ येते. तेही आपल्या जागी बरोबरच असते. फळ्यावर उदाहरण लिहिताना हे शब्द खाली रेघ मारून लिहा.

५. साहित्य: चोवीस सेंटिमीटरच्या पट्ट्या

प्रत्येक जोडीला एक संच. पट्टीची लांबी २४ सेंटिमीटर ठेवा, रुंदी ३. चोवीसच का? कारण २४ चे अर्धे १२, तिसरा भाग ८, चौथा ६, सहावा ४, बारावा २. सगळ्या खुणा पूर्ण सेंटिमीटरवर येतात, त्यामुळे मोजपट्टीने आखताना फरक पडत नाही. पाचवा भाग मात्र ४.८ वर येतो. म्हणून पट्टीवरच्या कामात पंचमांश आणू नका. पट्टी २० किंवा ३० सेंटिमीटरची केली तर कुठला ना कुठला भाग असाच अडतो.

ए-४ कागद २१ सेंटिमीटर रुंद असतो, म्हणजे एका कागदातून अशा सात पट्ट्या निघतात. एक जोडी, एक कागद. सहा पट्ट्या अशा आखा: एक कोरी (पूर्ण), आणि बाकीच्या २, ३, ४, ६ व १२ समान भागांच्या. सातवी पट्टी तुम्ही घरीच कापून आणायची: १२ सेंटिमीटरचा तुकडा लाल रंगाने, ८ चा निळ्या रंगाने. उरलेला ४ सेंटिमीटरचा तुकडा टाकू नका, पाकिटात ठेवा. त्याचे काम पुढे आहे. तुकडे मुलांना वर्गात कापायला देऊ नका. कात्र्या, कपटे आणि वाकड्या कडा यांत तास संपतो.

कागद जाड घ्या. पावसाळ्यात आपल्याकडची हवा अशी की साधा कागद एका रात्रीत सैल पडतो आणि कडा वळतात. मग तुकडे शेवटाला शेवट लावून नीट बसत नाहीत. जुन्या फाइलींचे पुठ्ठे उत्तम. संच पाकिटात घालून कपाटात ठेवला की दोन-तीन वर्षे टिकतो.

६. चाळीस मिनिटे अशी वापरा

*पहिली ४ मिनिटे: पूर्वज्ञान.* फळ्यावर तीनच गोष्टी. २/७ + ३/७ = किती? १/२ म्हणजे किती षष्ठांश? आणि तिसरी तोंडी: अर्धा लिटर दुधात पाव लिटर दूध ओतले, किती झाले? 'पाऊण' असे वर्ग एका सुरात सांगेल. फळ्याच्या कोपऱ्यात १/२ + १/४ = ३/४ लिहा आणि पुसू नका. पावसाळ्यात पत्र्यावरच्या सरींत तुमचा आवाज शेवटच्या ओळीपर्यंत पोहोचत नाही, म्हणून प्रत्येक प्रश्न फळ्यावर लिहायची सवय ठेवा आणि उत्तरे पाटीवर लिहून वर धरायला सांगा. एका नजरेत सगळा वर्ग दिसतो.

*पुढची ५ मिनिटे: अंदाज.* गडग्याचे उदाहरण लिहा. लगेच सोडवायला सांगू नका. विचारा: झालेला गडगा अर्ध्यापेक्षा कमी की जास्त? पूर्ण झाला का? मुले सांगतील: अर्ध्याच्या वर, पूर्णच्या आत. मग 'पाटीवर उत्तर लिहा' म्हणा. काही पाट्यांवर २/५ येणारच. ते फळ्यावर घ्या, पण कोणाचे ते सांगू नका, बरोबर की चूक तेही सांगू नका. फक्त 'हे तपासू' एवढेच म्हणा. हेतुकथन इथेच झाले.

*पुढची १२ मिनिटे: पट्ट्या.* पाकिटे वाटा. सूचना फळ्यावर:

१. कोरी पट्टी ठेवा. तिच्याखाली रंगीत तुकडे शेवटाला शेवट लावा.
२. आखलेल्या पट्ट्या एकेक करून खाली ठेवा. तुकड्यांचा शेवट कोणत्या पट्टीच्या रेघेवर नेमका येतो?

मुले बहुधा चार भागांच्या पट्टीपासून सुरू करतात, कारण ती ओळखीची. तीन भाग झाले तरी तुकडे थोडे पुढे राहतात, चौथ्या रेघेपर्यंत मात्र पोहोचत नाहीत. 'सर, ह्यां बसना नाय' असे कोणी म्हणाले की समजा, पाठ रुळावर आहे. मुलांना मालवणीतच बोलू द्या, लिहिताना प्रमाण भाषा येईल. 'का बसत नाही' हे लगेच सांगू नका, पुढची पट्टी लावायला सांगा. सहा भागांच्या पट्टीवर तुकड्यांचा शेवट पाचव्या रेघेवर नेमका येतो. बारा भागांच्या पट्टीवर दहाव्या रेघेवर येतो. ५/६ आणि १०/१२ अशी दोन्ही उत्तरे वर्गात येतील, दोन्ही घ्या. कोणी मोजपट्टीने मोजून २०/२४ म्हणाले तर तेही.

आता महत्त्वाचे दोन प्रश्न, याच शब्दांत: 'लाल तुकड्यात किती षष्ठांश मावतात? निळ्या तुकड्यात किती?' तीन आणि दोन. मुलांनी तुकडे सहा भागांच्या पट्टीवर ठेवून बोटाने मोजले पाहिजेत. तुम्ही फळ्यावर काढून दाखवलेत तर हा भाग वाया गेला. मग उरलेला चार सेंटिमीटरचा तुकडा काढायला सांगा. तो रिकाम्या जागेत बसतो आणि राहिलेला गडगा १/६ आहे हे दिसते.

*पुढची ८ मिनिटे: पट्टीवरून लेखनाकडे.* फळ्यावर आधी शब्दांत लिहा: ३ षष्ठांश + २ षष्ठांश = ५ षष्ठांश. त्याखाली ३/६ + २/६ = ५/६. त्याच्या वरच्या ओळीत १/२ + १/३ = लिहून बाणाने जोडा. शब्दांची ओळ गाळू नका. '३ षष्ठांश आणि २ षष्ठांश' असे मोठ्याने वाचले की छेद मिळवावासा वाटत नाही, कारण तो भागाचे नाव होऊन बसतो.

मग मघाच्या २/५ कडे या. विचारा: पहिल्याच दिवशी अर्धा गडगा झाला होता. ५ चे अर्धे अडीच, म्हणजे २/५ हे अर्ध्यापेक्षा कमी. दुसऱ्या दिवशी काम केल्यावर गडगा कमी झाला का? कोपऱ्यातल्या १/२ + १/४ वरही हीच रीत चालवून पाहा: २/६ येते, म्हणजे १/३, म्हणजे अर्ध्या लिटरपेक्षाही कमी दूध. पाऊण लिटर होते हे तर सगळ्यांना ठाऊक आहे. इथे घाई करू नका. चिठ्ठीतला दुसरा प्रश्न याच संभाषणावर उभा आहे.

*पुढची ५ मिनिटे: एकट्याने सराव.* १/४ + १/६. पट्ट्या समोर असू द्या, हवी त्याने वापराव्यात. उत्तर ५/१२. छेदांचा गुणाकार करून कोणी १०/२४ आणले तर बरोबर द्या. या वेळात तुम्ही फिरायचे आणि फक्त एक गोष्ट पाहायची: मुले १/४ चे ३/१२ करतात की १/१२. दुसरे दिसले तर त्या मुलाला चौथ्या भागावर बारा भागांची पट्टी ठेवायला सांगा, बोलून समजावू नका.

*शेवटची ६ मिनिटे: चिठ्ठी.* पट्ट्या पाकिटात, वह्या बंद. पाच मिनिटे लेखन, एक मिनिट गोळा करायला. चिठ्ठी चालू असताना मदत करू नका, इशाराही नको. नवीन शिक्षकाला हे फार कठीण जाते, पण तुमच्या मदतीने आलेले ७/१२ तुम्हालाच फसवील. सराव लांबला आणि चौतीसाव्या मिनिटाची घंटा चुकली, असे होऊ शकते. अशा वेळी सराव अर्धवट सोडा, चिठ्ठी सोडू नका. टाचणाच्या समासात '३४' हा आकडा ठळक लिहून ठेवा.

सहावी-सातवी एकाच खोलीत बसत असतील तर सातवीला या चाळीस मिनिटांचे लेखी काम आधीच फळ्याच्या दुसऱ्या भागावर लिहून ठेवा. पट्ट्यांची बारा मिनिटे तुम्ही सहावीजवळ असणे भाग आहे. सातवीकडे सरावाच्या पाच मिनिटांत फेरी मारा.

७. फळ्याचा आराखडा टाचणातच काढा

फळ्याचे तीन भाग करा. डावीकडे गडग्याचे उदाहरण आणि मुलांचे अंदाज, २/५ सकट. मधोमध पट्ट्यांचे चित्र आणि त्याखाली शब्दांची व अंकांची ओळ. उजवीकडे सराव. कोपऱ्यात १/२ + १/४ = ३/४. अपूर्णांक नेहमी आडवी रेघ मारून, अंश वर आणि छेद खाली असा लिहा. या लेखात टंकायच्या सोयीसाठी तिरपी रेघ वापरली आहे. वर्गात ती नको, अंश आणि छेद एका ओळीत दिसले की मुले ते सुट्या संख्यांसारखे हाताळतात.

८. चिठ्ठ्या त्याच दिवशी वाचा

गुण देऊ नका. जेवणाच्या सुट्टीत टेबलावर गठ्ठे करा: ७/१२ चा, २/७ चा, २/१२ चा, ७/२४ चा आणि उरलेल्यांचा. वीस-पंचवीस मुलांच्या वर्गाला दहा मिनिटे लागतात. ७/१२ च्या गठ्ठ्यातून दुसरा प्रश्न कोरा किंवा चुकलेला असलेल्या चिठ्ठ्या पुन्हा वेगळ्या काढा.

दुसऱ्या दिवसाचा तास मोठा गठ्ठा ठरवतो. २/७ चा मोठा असेल तर मुले पट्ट्यांशी खेळली, पण अंदाजाशी जोडली गेली नाहीत. नियम पुन्हा सांगून उपयोग नाही, १/३ + १/४ चाच अंदाज घ्यायला लावा: १/३ पेक्षा जास्त की कमी? २/७ हे १/३ पेक्षा कमी आहे, हे त्यांना २४ सेंटिमीटरच्या पट्टीवर दिसत नाही, कारण सातवा भाग पूर्ण सेंटिमीटरवर येत नाही. म्हणून इथे अंश समान करून विचारा: १/३ म्हणजेच २/६, मग २/६ मोठे की २/७?

२/१२ चा गठ्ठा मोठा असेल तर बेरीज शिकवू नका. मुलांना सममूल्य अपूर्णांक येत नाहीत, एवढाच त्याचा अर्थ. १/३ = किती/१२, १/४ = किती/१२ अशी आठ-दहा उदाहरणे पट्ट्यांवर करून घ्या आणि मग त्याच चिठ्ठीवर परत या. ७/२४ च्या मुलांना '४ द्वादशांश आणि ३ द्वादशांश मिळून किती द्वादशांश' हे मोठ्याने वाचायला लावले की बहुतेकांचे तिथेच सुटते. ती पाच मिनिटांची दुरुस्ती आहे, सगळ्या वर्गाला बसवून ठेवू नका.

दोन-तीन मुलेच मागे असतील तर परिपाठानंतर किंवा तास सुरू होताना त्यांना पट्ट्यांसह जवळ बसवा आणि बाकीच्यांना पाठ्यपुस्तकातला सरावसंच द्या. नवी चिठ्ठी लिहाल तेव्हा १/३ + १/४ पुन्हा देऊ नका, मुलांना उत्तर पाठ झालेले असते. २/३ + १/४ चालेल: बरोबर उत्तर ११/१२, अंश-छेद मिळवल्यास ३/७, अंश न बदलल्यास ३/१२, छेदही मिळवल्यास ११/२४ आणि गुणाकार केल्यास २/१२. प्रत्येक चुकीचे उत्तर इथेही वेगळे येते. गठ्ठ्यांतल्या चिठ्ठ्यांची संख्या टाचणाच्या शेवटच्या रकान्यात लिहून ठेवा. केंद्रप्रमुख वही पाहतील तेव्हा 'पाठ यशस्वी झाला' या वाक्याऐवजी हे आकडे दाखवता येतील, आणि पुढच्या वर्षी हाच पाठ घेताना कुठे जास्त वेळ द्यायचा ते तुम्हाला त्यावरूनच ठरवता येईल.